थंडीच्या हेल्थ चेकअप पॅकेजची कॉपी: न घाबरवता आणि न फुगवता

प्रश्न: नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी थंडीचं चेकअप पॅकेज लिहितेय. सध्याचा ड्राफ्ट असा आहे: "थंडीत हार्ट अटॅकचा धोका वाढतो! उशीर होण्याआधी तपासा. ७२ टेस्ट, १००% अचूक रिपोर्ट, एनएबीएल लॅब." सर म्हणतात त्यात इम्युनिटी आणि कॅन्सर मार्करपण टाका, म्हणजे पॅकेज भारी वाटेल. मला लोकांना घाबरवायचं नाहीये, पण एकदम मिळमिळीतही नकोय. कसं लिहू?

उत्तर:

मी बरीच वर्षं लॅब आणि हॉस्पिटलसाठी मजकूर लिहितोय. माझी पद्धत अशी की आधी पॅकेजमधल्या टेस्ट घेऊन लॅबच्या पॅथॉलॉजिस्टसमोर बसायचं आणि प्रत्येक टेस्टबद्दल विचारायचं, की हिच्यातून काय कळतं, काय कळत नाही, आणि आकडा वेगळा आला तर माणसाने पुढे काय करायचं. या तिन्हींची उत्तरं मिळाली की कॉपी अर्धी झालेली असते, आणि ज्या टेस्टला तिसरं उत्तर मिळत नाही ती पॅकेजमध्ये का आहे हे सरांना विचारायला तुम्हाला कारण मिळतं.

आता तुमची पहिली ओळ बघू. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी थोडं वर जातं हे खरं आहे, थंड देशांत हिवाळ्यात हार्ट अटॅकचं प्रमाण वाढतं हेही नोंदलेलं आहे. निफाडला पारा खाली गेला की तुमच्याकडे बातम्या येतात, पण तरीही ती थंडी म्हणजे युरोपातला हिवाळा नव्हे, तिथला निष्कर्ष जसाच्या तसा उचलून नाशिकच्या माणसाला सांगायला आपल्याकडे आधार नाही. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तुमच्या पॅकेजमधली कुठलीच टेस्ट हार्ट अटॅक येणार का हे सांगत नाही. लिपिड प्रोफाइल आणि शुगर फक्त धोक्याची काही कारणं दाखवतात. म्हणजे ओळ वाचून ज्या भीतीने माणूस येतो त्या भीतीचं उत्तर त्याला रिपोर्टमध्ये मिळतच नाही. उलट बाजूनेही नुकसान आहे, ज्याला जिना चढताना छातीत दाब येतो तो माणूस ही जाहिरात वाचून "सोमवारी पॅकेज करून घेऊ" म्हणतो आणि सगळं नॉर्मल आलं की निश्चिंत होतो. त्याला ईसीजी आणि डॉक्टर हवा होता, तोही त्याच दिवशी. म्हणून कॉपीत एक वाक्य असलंच पाहिजे की छातीत दुखणं, दम लागणं असा त्रास असेल तर हे पॅकेज तुमच्यासाठी नाही, आधी डॉक्टरकडे जा. सर म्हणतील गिऱ्हाईक घालवताय, पण हे वाक्य वाचूनच बाकीच्या मजकुरावर लोकांचा विश्वास बसतो.

थंडीशी खरा संबंध जोडायचाच असेल तर बीपीशी जोडा. सॅम्पल घ्यायला येणाऱ्या माणसाकडून बीपी मोजून द्या, त्याला ना लॅब मशीन लागतं ना रिएजंट, आणि थंडीत त्याचा खरंच उपयोग आहे. फक्त नीट मोजा म्हणजे झालं. माणूस सकाळी गारठ्यात बाईकवरून आलाय आणि लगेच पट्टा बांधला तर आकडा वर येणारच, त्याला पाच मिनिटं शांत बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आणि स्वेटरच्या बाहीवरून पट्टा बांधू नका, दंड मोकळा करा. १४०/९० च्या वर आलं तर "पुन्हा एक-दोन दिवस मोजून डॉक्टरांना दाखवा" एवढंच सांगायचं, एका रीडिंगवरून कुणाला बीपीचा पेशंट ठरवायचं नाही. १८०/१२० च्या आसपास असेल तर मात्र थोडं थांबून पुन्हा मोजा आणि तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.

आता ते ७२. तुमच्या यादीची मोजणी बहुतेक अशी असेल, सीबीसीचे २४, लघवीचे १८, लिव्हरचे ११, लिपिडचे ८, किडनीचे ६, एचबीए१सीचे २, आणि उपाशीपोटी शुगर, टीएसएच, व्हिटॅमिन डी यांचा एकेक. बेरीज करा, ७२ होतात. पण या टेस्ट नऊ आहेत, ७२ ही रिपोर्टवर छापलेल्या ओळींची संख्या आहे. त्यातही बऱ्याच ओळी मोजलेल्या नसतात, सूत्राने काढलेल्या असतात. लिपिडच्या आठ ओळींत मशीनने मोजलेल्या तीन किंवा चार, बाकी व्हीएलडीएल आणि रेशो ही त्याच आकड्यांची वजाबाकी-भागाकार. सगळ्याच लॅब असं मोजतात म्हणून तुम्हालाही आकडा लावावा लागेल हे मला समजतं, बाजूच्या लॅबने ८५ लिहिलंय आणि तुम्ही ९ लिहिलंत तर फोन कुणाला येईल हे उघड आहे. तर दोन्ही लिहा, पण क्रम बदला: "९ तपासण्या (रिपोर्टवर ७२ नोंदी)". आणि खाली नऊच्या नऊ नावं, प्रत्येकापुढे एक साधं वाक्य. माझा अनुभव असा आहे की काउंटरवर वाद होतात ते "७२ म्हटलं होतं, मग थायरॉइडचं फक्त एकच का?" याच मुद्द्यावर होतात. नावं आधी दिली की ते होत नाहीत.

अजून एक गोष्ट लोकांना आधीच सांगा, तीन ट्यूब रक्त आणि एक लघवीची डबी, एवढंच. सीबीसी आणि एचबीए१सी एकाच जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून होतात, शुगरला करड्या झाकणाची, बाकी सगळं जेलवाल्या पिवळ्या ट्यूबमधून. रक्त एकूण साधारण दोन छोटे चमचे. ७२ टेस्ट म्हटलं की आजी-आजोबांना वाटतं बाटलीभर रक्त काढणार, त्यामुळे ही एक ओळ खूप काम करते.

इथे मी जरा थांबतो, कारण न घाबरवणं म्हणजे फक्त भीतीचे शब्द काढून टाकणं नव्हे. खरी भीती जाहिरातीत नसते, ती रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टची पीडीएफ येते आणि त्यात चार आकडे ठळक किंवा लाल असतात तेव्हा असते. हे का होतं ते तुम्हाला माहीत असायला हवं. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक टेस्टमध्ये निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांची असते, म्हणजे १०० निरोगी माणसांतले ५ त्या रेंजच्या बाहेर पडणार हे त्या पद्धतीतच आहे. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी मोजल्या तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के होते. (०.९५ चा विसावा घात साधारण ०.३६ येतो, तो १ मधून वजा करा.) प्रत्यक्षात बरेच आकडे एकमेकांशी जोडलेले असतात त्यामुळे हिशोब इतका सरळ नसतो, पण ७२ ओळींत एकही खूण नाही असा रिपोर्ट कमीच दिसतो. आणि कॉपी जेवढी मोठी संख्या विकते तेवढ्या जास्त लोकांना काहीतरी लाल दिसणार. म्हणून हे जाहिरातीतच सांगा, अगदी सहज: "एखादा आकडा रेंजच्या थोडा बाहेर असणं निरोगी माणसातही नेहमीचं आहे, एवढ्यावरून आजार ठरत नाही. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा."

एचबीए१सी चं उदाहरण घ्या. ६.५ किंवा वर म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, हे सगळे लिहितात. पण ज्याला काही त्रास नाही अशा माणसात एका रिपोर्टवर डायबेटिस ठरवत नाहीत, दुसऱ्या टेस्टने पक्कं करतात, मग ती उपाशीपोटीची शुगर असो किंवा एचबीए१सी पुन्हा. शिवाय लोहाच्या कमतरतेमुळे हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं, आणि आपल्याकडे बायकांमध्ये ते किती कॉमन आहे ते तुम्हाला सांगायला नको. सिकल सेल किंवा थॅलेसेमियाचा अंश असेल तरी आकडा चुकू शकतो, नंदुरबार-गडचिरोलीकडचे पेशंट येत असतील तर हे लक्षात ठेवा. म्हणून कॉपीत "डायबेटिसचं निदान" असं कधी लिहू नका, "गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज" असं लिहा. हे कमी भारी वाटतं का? मला तरी नाही वाटत, उलट वाचणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की ही टेस्ट आहे काय.

सरांच्या इम्युनिटी आणि कॅन्सर मार्करबद्दल मात्र मी ठाम आहे, ते टाकू नका. इम्युनिटी मोजणारी एक टेस्ट अस्तित्वातच नाही. त्या नावाखाली जे विकतात ते बहुतेक सीआरपी, ईएसआर, व्हिटॅमिन डी, कधी आयजीई. डिसेंबरात निम्म्या नाशिकला सर्दी-खोकला असतो, त्यात सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज-जंतुसंसर्ग दाखवणारी टेस्ट, केली की ते वाढलेलं येऊ शकतं, आणि ते बघून माणूस समजतो माझी इम्युनिटी खालावली, खरं तर त्याचं शरीर सर्दीशी नीट लढतंय म्हणून ते वाढलंय. कॅन्सर मार्करचं प्रकरण जास्त गंभीर आहे. अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर म्हणून विकलं जाणारं सीए १२५ पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिस किंवा फायब्रॉइड असतानाही वाढतं, आणि कॅन्सर असूनही नॉर्मल येऊ शकतं. एखादी चाळिशीची बाई ऑफरमध्ये पॅकेज करते, आकडा थोडा वर येतो, मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, महिनाभर घरात कुणाला झोप नाही, आणि शेवटी फायब्रॉइड निघतो. त्रास नसलेल्या सर्वसाधारण बाईसाठी ही स्क्रीनिंगची टेस्ट नाहीच. कॅन्सरबद्दल काही उपयोगाचं सांगायचं असेल तर हे सांगा की सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी असते, ती प्रत्यक्ष बघून-तपासून करतात. सरांना पटवताना मी एक प्रश्न विचारतो: मार्कर थोडा वर आला तर त्या पेशंटशी फोनवर कोण बोलणार, आणि काय सांगणार?

व्हिटॅमिन डी राहू द्या, पण सौम्यपणे. शहरी भारतीयांत ते कमी असणं खूप आढळतं, सकाळी अंधारात ऑफिसला जाणारे आणि दिवसभर आत बसणारे लोक आहेतच. पण २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात निरोगी प्रौढांनी सरसकट ही टेस्ट करण्याच्या विरुद्ध सल्ला आहे. म्हणून "थंडीत व्हिटॅमिन डी घसरतं, आजच तपासा" नको. "हाडं-स्नायू दुखत असतील, ऊन फारसं मिळत नसेल किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ही टेस्ट उपयोगी" असं लिहा आणि जमलं तर ती ऐच्छिक ठेवा, किंमत वेगळी लावून. आकडा कमी आला म्हणून स्वतःच्या मनाने दर आठवड्याला पाउच घेत राहू नका, हेही एका ओळीत टाका, कारण लोक ते महिनोन् महिने घेतात.

"१००% अचूक" काढा. कुठलीच लॅब हे म्हणू शकत नाही, प्रत्येक मोजणीत थोडा फरक असतोच. "एनएबीएल लॅब" लिहिताना आधी तुमच्या लॅबचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या टेस्टची यादी, मागवून बघा. मान्यता त्या-त्या टेस्टला आणि त्या-त्या पत्त्याला असते, तेव्हा नऊपैकी सात स्कोपमध्ये असतील किंवा व्हिटॅमिन डी बाहेरच्या लॅबला जात असेल तर ते तसं लिहावं लागेल. आणि तळटिपांबद्दल एक, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डिस्क्लेमर दाव्याच्याच भाषेत हवा आणि मुख्य दाव्याच्या उलट जाणारा नको. वर मराठीत मोठं वाक्य आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हे चालत नाही. किंमतही तशीच, कधीच न घेतलेले ४,९९९ खोडून ९९९ दाखवू नका.

लोक सगळ्यात कमी लक्ष देतात तो भाग म्हणजे सूचना, आणि माझ्या मते पॅकेजची अर्धी किंमत तिथे आहे. रात्रीपासून ८ ते १२ तास उपाशी, साधं पाणी चालेल, उलट प्या, कारण थंडीत लोक पाणी कमी पितात आणि गारठ्यात शिरा सापडत नाहीत, हात गरम असेल आणि पाणी प्यायलेलं असेल तर एका टोचण्यात काम होतं. चहा बिनसाखरेचाही नको, दूध असतं. आदल्या दिवशी जिममध्ये खूप जोर लावू नका, त्याने लिव्हरच्या रिपोर्टमधलं एसजीओटी वाढून येतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, काही मशीनवर टीएसएचचा आकडा त्याने चुकतो. ताप-सर्दी असेल तर बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी या. आणि हे ठळक अक्षरात: शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं, उपाशीपोटी औषध घेऊन साखर खाली गेली तर धोका आहे.

हे सगळं धरून मी अशी लिहीन, तुमच्या लॅबच्या हिशोबाने बदला:

> थंडीतलं साधं चेकअप
> व्हिटॅमिन डी धरून ९ तपासण्या (रिपोर्टवर ७२ नोंदी), सोबत बीपी
>
> वय ३० च्या पुढे आहे आणि गेल्या वर्षभरात रक्त तपासलं नाहीये? घरात कुणाला शुगर, बीपी किंवा हार्टचा त्रास आहे? मग हे पॅकेज तुमच्या उपयोगाचं आहे. गेल्या काही महिन्यांतच तपासण्या झाल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, कदाचित गरज नसेल.
>
> काय कळतं: हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी, उपाशीपोटीची साखर, दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, कोलेस्टेरॉल, लिव्हर आणि किडनीच्या कामाचा अंदाज, थायरॉइड, लघवीची तपासणी, व्हिटॅमिन डी (हवी असल्यास).
>
> काय कळत नाही: हार्ट अटॅक येणार का, कॅन्सर आहे का, इम्युनिटी किती आहे. ते या तपासण्यांतून ठरत नाही.
>
> एखादा आकडा रेंजच्या थोडा बाहेर असणं नेहमीचं आहे. काळजीचा आकडा असेल तर आमचे डॉक्टर स्वतः फोन करतील. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.
>
> छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर असा त्रास असेल तर पॅकेजसाठी थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा.
>
> तीन ट्यूब रक्त, एक लघवीची डबी. घरून सॅम्पल सकाळी ६.३० पासून.

"आमचे डॉक्टर स्वतः फोन करतील" हे लिहिण्याआधी खात्री करा की ते खरंच करतात, कोण करतं, किती वाजेपर्यंत आणि रविवारी काय. नसेल होत तर ती ओळ काढा. व्हॉट्सअ‍ॅपच्या छोट्या मेसेजला जागा कमी असते तेव्हा लोक पहिलं "काय कळत नाही" उडवतात, तुम्ही ते ठेवा आणि हवं तर किडनी-लिव्हरची नावं कमी करा, ती पानावर आहेतच.

छापायला देण्याआधी हा मजकूर रिसेप्शनवरच्या मुलीला आणि सॅम्पल घेणाऱ्या दादांना वाचून दाखवा. लोक त्यांनाच प्रश्न विचारतात, त्यामुळे कुठल्या ओळीवर फोन येणार हे ते दोन मिनिटांत सांगतील. पहिल्या आठवड्यात आलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवायला सांगा आणि जो प्रश्न पुन्हापुन्हा येतोय त्याचं उत्तर कॉपीत वर घ्या, मला वाटतं तुमच्याकडे तो चहाचाच असेल.